शॉर्टची वही आणि डबल बेल

आमच्या मेडिकलच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत जो फार्मासिस्टचा दाखला टांगलेला आहे, त्यावर नाव आणि फोटो बायकोचा आहे. माझं शिक्षण कॉमर्सचं, तेही दोन दमात पुरं झालेलं. त्यामुळे गोळी कुठली, किती, जेवणाआधी की नंतर, हे सगळं तिच्या अखत्यारीत. माझ्याकडे टेलिफोन खातं. कुणी विचारलं, ‘भाऊ, तुम्ही काय करता?’ तर मी छाती काढून सांगतो, ‘पारोळ्यात आमचं मेडिकल आहे.’ बायको आत खोके फोडता फोडता म्हणते, ‘मेडिकल माझं आहे. हे फोन करतात.’

पण हे फोन करणं तुम्हाला वाटतं तेवढं हलकं काम नाही. औषध बाजारात कधी मिळतं, कधी गायब होतं. कंपनीकडूनच येत नाही, स्टॉकिस्ट म्हणतो ‘शॉर्ट आहे’, आणि गिऱ्हाईक काउंटरवर चिठ्ठी घेऊन उभं. अशा वेळी आमच्याकडे एक जाड वही निघते. तिचं नाव ‘शॉर्टची वही’. पेन दोरीने तिलाच बांधलेला, कारण सुटा पेन आमच्या काउंटरवर एक दिवस टिकत नाही. वहीत औषधाचं नाव, ताकद, किती हवं, गिऱ्हाईक, फोन नंबर, आणि पुढे चार रकाने: मागवलं, आलं, कळवलं, नेलं. प्रत्येक रकान्यात टिक पडत पडत शेवटच्या टिकेला माणूस औषध घेऊन घरी जातो. आलेलं औषध चिठ्ठी गुंडाळून, रबर लावून काउंटरमागच्या वेगळ्या फळीवर ठेवायचं. ही सगळी पद्धत बायकोने बसवलेली. मी फक्त तिच्यात सुधारणा केल्या.

माझी पहिली सुधारणा म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी वर्णन लिहिणं. आमच्या भागात नावाने माणूस सापडत नाही. दर दुसरे नाना, दर तिसरे आबा. म्हणून मी लिहायचो, ‘पहूरला मुलगी दिलेले आबा’, ‘लाल मफलरवाले’, ‘दम्याच्या पंपवाल्या, मोठ्या आवाजाच्या अक्का’. एकदा एक आबा काउंटरवर वाकले आणि स्वतःचीच नोंद त्यांनी उलटी वाचली.

‘भाऊ, हाऊ बडबडे आबा कोन शे?’

‘दुसरे आहेत, आबा,’ मी म्हणालो.

‘वाटनंच माले,’ ते म्हणाले, आणि जास्त बोलणाऱ्या माणसाचा इतरांना किती त्रास होतो यावर चाळीस मिनिटं बोलले.

माझी दुसरी सुधारणा जरा धोक्याची होती. फोन करायच्या आधीच मी ‘कळवलं’च्या रकान्यात टिक करून मोकळा व्हायचो. म्हणजे करणारच आहे ना! हातात पेन आहे, वही उघडी आहे, टिक आत्ताच केली तर काय बिघडतं? बायकोने ही सवय मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. पण संसारात नवऱ्याच्या चार सवयी शिल्लक राहतातच. त्यातली ही एक. आणि हीच एका नानांना भोवली.

हे नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. धुळ्याच्या रस्त्यावर आमच्यापासून बारा-एक किलोमीटरवर त्यांचं गाव. पस्तीस वर्षं त्यांनी खच्चून भरलेल्या गाड्यांमधून तिकिटं फाडली, आणि आता त्यांना कंपवात झालेला. डावा हात थरथरतो, पावलं लहान पडतात, आवाज बारीक झालाय, आणि चेहरा तर दोन वर्षांपासून सुट्टीवर गेल्यासारखा. आनंद झाला, राग आला, काही समजत नाही. पण धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर पोटात गेली की तासाभरात नाना सैल होतात, चालतात, गप्पा मारतात. दिवसातून तीन वेळा ती गोळी. ती चुकली की नाना लाकडी होतात.

नानांचा फोन साधा, बटणांचा. फोन वाजला की थरथरत्या हाताने तो खिशातून काढून हिरवं बटण सापडेपर्यंत रिंग बंद पडते. उचलला तरी त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्यांनीच मला एक पद्धत घालून दिली.

‘भाऊ, गोया उन्यात का डबल बेल दे,’ ते म्हणाले. ‘दोन मिस कॉल, लागोपाठ. मी येसू.’

‘आणि आल्या नसल्या तर?’

‘सिंगल. सिंगल म्हनजे थांब.’

आता एसटीत बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. नानांनी आयुष्यभर ड्रायव्हरशी याच भाषेत संवाद केला होता, आता माझ्याशी करणार होते. मला ही पद्धत फार आवडली. वहीत त्यांच्या पुढे मी लिहिलं: ‘डबल बेल नाना’. आणि वर्षभर ती बिनबोभाट चालली. दोन मिस कॉल गेले की दुपारच्या गाडीने नाना हजर.

मग ऐन लग्नसराईत ती गोळी शॉर्ट झाली.

नाना बुधवारी आले, तेव्हा त्यांच्याकडे शनिवार रात्रीपर्यंतच्याच गोळ्या उरल्या होत्या. काउंटरला टेकून त्यांनी सावकाश सांगितलं, ‘भाऊ, मनी आंडेरनं लगीन शे ऐतवारले.’ आंडेर म्हणजे मुलगी, ही त्यांची एकुलती एक. ‘मी उभा राहीसन अक्षता टाकसू. आनि मंग नाचसू. मी तिले सबद देल शे.’

हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. कुणी टाइमटेबल वाचून दाखवावं तसं ते म्हणाले, ‘नाचसू.’ आणि मला का कुणास ठाऊक, इतका जोर चढला की मी म्हणालो, ‘नाना, गोळ्या नाही आणल्या तर माझं नाव सांगू नका!’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे त्याच गोळीची दुसरी ताकद एका खणात होती. मी तत्परतेने सुचवलं, ‘ही अर्धी करून दिली तर?’

‘अहो, यात दोन औषधं एकत्र असतात,’ ती म्हणाली. ‘अर्धी केली की एक जास्त होतं, दुसरं कमी पडतं. हिशेब जुळत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी देणार नाही. तुम्ही फोन करा.’

मी फोन केले. जळगावचे तीन स्टॉकिस्ट झाले. एक म्हणाला, पुढच्या आठवड्यात. दुसरा म्हणाला, कंपनीकडूनच नाही. तिसऱ्याने मला ‘होल्ड’वर ठेवलं आणि तो बहुधा जेवायला गेला. धुळ्याच्या डॉक्टरांशी बायको स्वतः बोलली. त्यांनी सांगितलं, शनिवार दुपारपर्यंत हीच मिळते का बघा, नाही मिळाली तर मला कळवा, मी बदलून लिहून देतो, पण नानांना उपाशी ठेवू नका. उपाशी म्हणजे गोळीविना. मी मात्र हे ऐकून नानांना बळंच एक केळं खायला लावलं.

शुक्रवारी धुळ्याच्या एका स्टॉकिस्टकडे दोन स्ट्रिपा सापडल्या. दोनच! मी फोनवर अक्षरशः ओरडलो, ‘धरून ठेवा! कुणाला देऊ नका! मुलीचं लग्न आहे!’

‘अभिनंदन, भाऊ,’ पलीकडचा म्हणाला. ‘जेवायला बोलवा.’

शनिवारी दुपारी तीनला स्टॉकिस्टची गाडी आली. मी खोकं उघडलं, दोन स्ट्रिपा काढल्या, बायकोने नाव, ताकद, मुदत चिठ्ठीशी ताडून पाहिली, रबर लावला, फळीवर ठेवल्या. ‘आलं’च्या रकान्यात तिने टिक केली. ‘आता कळवा,’ ती म्हणाली. मी एका हातात फोन घेतला, दुसऱ्या हातात दोरीचा पेन. सवयीने टिक केली. नंबर लावला. रिंग गेली. कट केला. ही झाली पहिली बेल.

तेवढ्यात खोक्याच्या तळातून थंड पिशवी निघाली आणि बायको ओरडली, ‘अहो, इन्सुलिन! आधी फ्रीजमध्ये टाका!’

मी फोन ठेवला. इन्सुलिन फ्रीजमध्ये टाकलं. गाडीवाल्याच्या बिलावर सही केली. एका काकूंना खोकल्याचं औषध गोड आहे की कडू, हे चव न घेता समजावून सांगितलं. मग चहा आला. वहीत पाहिलं, तर नानांच्या ओळीत ‘कळवलं’पुढे माझी सुबक टिक. म्हणजे झालं! मी प्रसन्न मनाने चहा प्यायलो. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की दुसरा कपही मागवला.

रविवारी सकाळी साडेनऊला बायको फळी पुसत होती. तिचा हात थांबला.

‘अहो.’

या एका ‘अहो’चे किती प्रकार असतात हे लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या माणसाला विचारा. हा त्यातला खालच्या पट्टीतला होता.

‘नानांच्या गोळ्या इथेच आहेत.’

‘असं कसं? मी कळवलंय. टिक आहे.’

‘टिक आहे. नाना कुठे आहेत?’

मी फोन काढला, कालच्या यादीत बोट फिरवलं. डबल बेल नाना: दुपारी तीन सात. एकदा. खाली कुठेच दुसरा नाही. सगळं एकदम लख्ख समजलं. मी नानांना सिंगल बेल दिली होती. औषध फळीवर, आणि नाना घरी मुकाट थांबलेले. त्या माणसाने पस्तीस वर्षांत सिंगल बेलला गाडी हलू दिली नव्हती. आता कशाला देतील?

मी तिथल्या तिथे दोन कॉल दिले. डबल बेल, अगदी ठणठणीत! काही नाही. मग सरळ फोनच लावला, तर तिसऱ्या वेळी उचलला. मागे हलगी, बायकांचा गलका, आणि एक खणखणीत आवाज:

‘कोन बोली राहिनं? मंडपवाला का? भाऊ, खुर्च्या कमी पडी राहिन्यात!’

‘अक्का, मी मेडिकलमधून बोलतोय. नाना आहेत का?’

‘मेडिकल मा खुर्च्या शेतस का?’

‘खुर्च्या नाहीत हो! नानांच्या गोळ्या...’

‘जितल्या शेतस तितल्या धाडी दे!’ अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या नानांच्या थोरल्या बहीण, हे मला नंतर कळलं. त्या घडीला एवढंच कळलं की फोनने आता काही होणार नाही. बायकोने ओढणी कमरेला बांधली. ‘मुहूर्त किती वाजताचा?’

‘बारा वीस. नाना म्हणाले होते.’

‘गोळी चढायला तासभर लागतो. स्कूटर काढा.’

‘मी जाऊन येतो ना, तू कशाला...’

‘तुम्ही अर्ध्या रस्त्यात “पोचवलं” म्हणून टिक कराल,’ ती म्हणाली, आणि शॉर्टची वही, दोरीच्या पेनासकट, काखेत मारून मागे बसली. रविवारचं दुकान तसंही दुपारपर्यंतच. शटर खाली आलं, किल्ल्या तिच्या मुठीत.

त्या बारा किलोमीटरांबद्दल काय सांगू! हायवेला ट्रक, ट्रकांमध्ये ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमध्ये वऱ्हाडी, आणि त्या सगळ्यांमधून आमची स्कूटर. मागे बायको गोळ्यांची पिशवी ओंजळीत धरून बसलेली, वही माझ्या पाठीला टोचतेय, पेन दोरीवर वाऱ्याने फडफडत माझ्या कानाखाली बसतोय. दर शंभर मीटरला एक. मला वाटलं, ही शिक्षा योग्यच आहे. पण खरं सांगतो, मनात कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. वीस-बावीस वर्षांत बायकोला घेऊन मी इतक्या वेगाने कुठेच गेलो नव्हतो. लग्न झाल्यावर माथेरानला जायचं ठरलं होतं, ते अजून शॉर्टमध्येच आहे.

गावाच्या वेशीवर बँड उभा होता, नवऱ्याकडच्या मंडळींची वाट बघत. रस्त्याच्या त्या टोकाकडून सगळ्यात आधी कोण आलं? आम्ही. धुळीने माखलेले, घाईत, आणि बायकोच्या काखेत मोठी वही.

‘पाहुणा उनात!’ कुणीतरी ओरडलं.

आणि बँड सुरू झाला. मी हात हलवून ‘नाही, नाही’ म्हणत होतो, पण बँडपुढे हलणारा हात हा नाचाचाच समजतात. चार जणांनी मला स्कूटरवरून उतरवलं, एकाने कपाळाला कुंकू लावलं, एकाने अत्तर, आणि एक धिप्पाड गृहस्थ गुलाबी फेटा घेऊन आले. ‘व्याही, मुंडकं हालवू नका,’ ते म्हणाले.

‘मी व्याही नाही! मी मेडिकल!’

‘बरं बरं. नवरदेवना काका डॉक्टर शेतस म्हणे,’ ते मागच्या माणसाला म्हणाले, आणि फेटा आणखी आदराने आवळला.

मला थांबायला हवं होतं. पण फेटा बांधला जात असताना कुठलाही माणूस हलू शकत नाही, आणि मला आजवर कुणी फेटा बांधला नव्हता. माझ्या लग्नातला सुद्धा तयार होता, टोपीसारखा घालायचा. मी दोन मिनिटं डोळे मिटून घेतले, हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. ती मात्र भुलली नाही. वही ढालीसारखी पुढे धरून ती गर्दीतून घुसली. ‘आम्ही व्याही नाही, औषधवाले आहोत! वधूचे वडील कुठेत?’ तिचा काउंटरवरचा आवाज आहे. रांग मोडणाऱ्याला तो बरोबर जागेवर बसवतो. बँड सुद्धा एक क्षण थांबला. रस्ता मोकळा झाला, आणि मी फेट्याचं एक टोक लोंबत तिच्या मागे.

नाना आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. नवा पांढरा सदरा, कडक इस्त्री, टोपी. बटणं कुणीतरी लावून दिलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि सगळा माणूस जागच्या जागी थिजलेला. फक्त डोळे फिरले आणि आमच्यावर थांबले.

‘नाना,’ मी म्हणालो, ‘गोळ्या कालच आल्या होत्या. चूक माझी आहे.’

मग तो बारीक आवाज आला. ‘तू सिंगल दिनी. मी थांबनू.’

‘अहो, पण घरात कुणाला तरी सांगायचं! फोन करायला लावायचा!’

‘आख्खा घर हासी राहिनं, भाऊ,’ नाना म्हणाले. ‘मी कसाले सांगू?’

बायकोने एवढ्यात चिठ्ठीचा फोटो पाहिला, स्ट्रिप पाहिली, शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारलं. रात्री नऊला. सकाळपासून काय खाल्लं? चहा. दूध घ्यायचं नाही आता, ती म्हणाली, जेवणही नंतर. एक गोळी, एक पेला पाणी. पेला मी धरला, कारण नानांचा हात उचलेना. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

मग नवरी आली. हातांवर कोपरापर्यंत मेंदी, मुंडावळ्या एका बाजूला घसरलेल्या. तिला सगळं समजलं होतं की अर्धं, देव जाणे. ‘सकाळपासून म्हणताहेत गोळी घेतली,’ ती म्हणाली. ‘मला माहीत होतं खोटं आहे. काकू, होईल ना बरं?’

‘होईल. पण घाई करायची नाही,’ बायको म्हणाली.

‘मला नाही, मुहूर्ताला सांगा,’ नवरी म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मेंदीच्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून बायकोने ओढणीने पुसले.

बाहेर खरे पाहुणे आले. बँड वाजला, फटाके फुटले. आत आम्ही तिघं घड्याळ बघत बसलो. साडेअकरा. पावणेबारा. नानांची बोटं गुडघ्यावर ताल धरल्यासारखी हलली. ‘थरथर का?’ मी बायकोला कानात विचारलं. ‘नाही हो,’ ती म्हणाली, ‘ते ताल धरताहेत.’ बँडवर एक जुनं धडाकेबाज गाणं चालू होतं. बारा वाजता नानांनी पाणी स्वतःच्या हाताने प्यायलं. बारा पाचला म्हणाले, ‘उठाडा.’

ते उठले! मी जवळजवळ टाळ्याच वाजवणार होतो. तीन पावलं टाकली, छान, मोकळी. मग उंबरठा आला आणि नाना थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. या आजारात दारात असंच होतं, हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. बाहेरून भटजींचा आवाज: ‘मुलीच्या वडलांना बोलवा!’ दोन पुतणे धावले आणि नानांचे दंड धरून ओढायला लागले.

‘ओढू नका कुणी!’ बायको ओरडली. ‘पडतील!’

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात, फेट्याखाली, आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना चमकली. मी खिशातून फोन काढला. नानांचा फोन समोरच, सकाळी खुर्च्या मागणाऱ्या अक्कांच्या हातात. नंबर लावला. फोन वाजला. एक! कट केलं, पुन्हा लावला...

‘नेटवर्क उपलब्ध नाही.’

नाना उंबरठ्यावर तसेच. हळूच म्हणाले, ‘सिंगल.’

मी पुन्हा नानांना सिंगल दिली होती. चोवीस तासांत दुसऱ्यांदा, ती सुद्धा समोरासमोर! अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या, की खुर्च्या न आल्याचं खापरही आता माझ्यावरच.

बायकोने माझ्या हातातला स्टीलचा पेला काढून घेतला. मुठीतल्या शटरच्या किल्ल्या त्यावर आपटल्या. ठण ठण!

नानांचा उजवा पाय उचलला गेला. उंबरठ्यापलीकडे पडला. मग डावा. बायको पुढे, पेला वाजवत. ठण ठण. नाना मागे. त्यांच्या मागे नवरी, तिच्या मागे दोन पुतणे, मग मी फेटा सावरत. आम्ही मंडपात शिरलो तेव्हा पाहुण्यांना वाटलं हीसुद्धा आमच्याकडची एखादी रीत असावी, आणि काही बायकांनी श्रद्धेने हात जोडले.

नाना सगळ्या मंगलाष्टकांना उभे राहिले. अक्षता त्यांनी स्वतःच्या मुठीने टाकल्या. अर्ध्या माझ्यावर पडल्या, कारण मी मध्ये होतो. आणि जेवणं आटोपल्यावर बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा ते खरंच नाचले. फार मोठं नाही. घाटात गाडी वळते तसे डावीकडे, उजवीकडे. एका हाताने हवेत तिकिटं फाडत होते, दुसऱ्याने ती वाटत होते, आणि सगळं वऱ्हाड पुढे येऊन तिकीट घेत होतं. नवरीने दोन तिकिटं घेतली. मी हात पुढे केला तर म्हणाले, ‘तू मांगे थांब.’ पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर, ओठाच्या एका कोपऱ्यात, काहीतरी हललं. मी शपथेवर सांगतो.

निघताना बायकोने वही उघडली. माझ्या ‘कळवलं’च्या टिकेवर तिने काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘रविवार, बारा दहा, पेल्यावर.’ मग ‘नेलं’च्या रकान्यात नानांची सही घेतली. अक्षर सुरुवातीला बरं होतं, पुढे मुंगीएवढं होत गेलं, पण पूर्ण झालं. त्याच्याखाली तिने लगेच नवी ओळ घातली. दोन स्ट्रिपा म्हणजे सात दिवसही नाहीत. पुढचा शनिवार यायच्या आत पुन्हा मागवायला हव्यात. डॉक्टरांशीही बोलायला हवं. या वेळी वर्णनाऐवजी तिने नाव लिहिलं, आणि फोन नंबरच्या जागी दोन: एक नानांचा, एक अक्कांचा.

‘अक्कांचा कशाला?’ मी म्हणालो. ‘त्या खुर्च्या मागतील.’

‘मागू दे. उचलतात तरी.’

मी स्कूटरवर बसलो. गुलाबी फेटा तसाच. बायको मागे बसायच्या ऐवजी अक्कांशी बोलत उभी राहिली. त्यांच्या गुडघ्याचा मलम, त्यांची झोप, सुनेचं ॲसिडिटीचं काहीतरी. मी हॉर्न दिला. काही फरक नाही. पुन्हा दिला. मंडपाच्या खांबाला टेकून नाना माझ्याकडे बघत होते.

त्यांनी बोटातली अंगठी लोखंडी खांबावर वाजवली. ठण ठण.

बायको येऊन मागे बसली. गाडी निघाली.